शिवी कुणाला, लागते कुणाला

आमच्या वाड्यात सुकवलेली मासळी आणि किस्से दोन्ही एकाच पद्धतीने साठतात. एकावर एक ठेवत जायचं. वरचं आधी विकलं जातं, आणि तळाचं खारट होत होत शेवटी कुणी विचारतच नाही. मांडव्याच्या खाली आमचा कोळीवाडा. चार बायका जाळ्यापाशी बसल्या की कुणीतरी म्हणतंच, "त्या नाम्याची ती गोष्ट सांग गं." मग मी सांगते. सगळ्या हसतात. मीही हसते, आणि घरी येताना मला स्वतःचाच राग येतो.

नाम्या म्हणजे माझा धाकटा भाऊ, नामदेव. मी मुंबईला माझगावात मावशीकडे राहून बी.ए. केलं, म्हणून वाड्यात मला 'बाई' म्हणतात. माझं ऐकावं असं मात्र कुणालाही वाटत नाही. आमचा बा नाखवा, स्वतःच्या होडीचा मालक. त्याचा आवाज एवढा मोठा, की होडी किनाऱ्याला लागायच्या आधी तो लागायचा. आणि आये. आयेबद्दल वेगळं काय सांगू, ती सगळ्या किश्श्यांत आहे.

*

नाम्या चार वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. बोर्लीचे काका घरी आले होते. नाम्या उंबऱ्यात बसून बोंबलाच्या शेपट्या मोडत होता. काकांनी गंमत म्हणून त्याच्या हातातला बोंबील काढून घेतला. नाम्याने मान वर करून स्पष्ट आवाजात म्हटलं, "दे रांडेच्या."

घर फुटेल एवढा हशा झाला. काका तर जमिनीवर लोळले. "पुन्हा बोल रं, पुन्हा बोल," म्हणून त्यांनी त्याच्या तोंडात गुळाचा खडा ठेवला. बाने शेजाऱ्यांना बोलावून आणलं. नाम्याने पुन्हा म्हटलं, पुन्हा गूळ मिळाला. संध्याकाळपर्यंत पोराचं पोट बिघडलं.

हीच माणसं पुढे दहा वर्षांनी मला विचारत होती, "बाई, हे पोर असं कसं बिघडलं?"

*

नाम्या चौदाचा झाला आणि सुट्टीत बाच्या होडीबरोबर भाऊच्या धक्क्यावर जायला लागला. तिथे बर्फ फोडणारी, टोपल्या उचलणारी त्याच्याच वयाची पोरं होती. महिन्याभरात त्याची भाषा बदलली. घरच्या शिव्या आम्हाला पाठ होत्या. ह्या नव्या होत्या, अर्ध्या हिंदी, आणि बोलताना तो एक खांदा उडवायचा.

एकदा जेवताना त्याने आयेकडे कालवण मागितलं. मागताना आईवरून असलेली एक शिवी मध्ये घातली आणि ताट पुढे केलं. त्याला कळलंही नाही. आपण श्वास घेतो तसं ते झालं.

बाने हातातला घास खाली ठेवला. "रांडेच्या," तो ओरडला, "आयसच्या समोर शिव्या देतोस?"

आये चुलीकडे तोंड करून बसली होती. मागे न वळता ती म्हणाली, "तुमची शिवी त्याला, पण लागतेय मला."

बाला ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं तरी त्याने घेतलं नाही. तो नाम्याला म्हणाला, "परत असा शब्द ऐकला ना, तर या घरात तुझं ताट न्हाय." आमच्याकडे ताट नाही म्हणजे घर नाही. बा बोललेलं मागे घेणारा माणूस नव्हता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

*

दुसऱ्या दिवशी मी नाम्याला खाडीवर गाठलं. मी चिडले होते. विचारलं, "तुला लाज नाही वाटत?"

तो जाळ्यातला शिंपला काढत होता. म्हणाला, "बाय, धक्क्यावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सरळ बोलत होतो. ती पोरं माझ्याशी बोलतच नव्हती. मला 'मास्तर' म्हणायची. मग एकदा बर्फाची लादी पायावर पडली आणि माझ्या तोंडून शिवी निघाली. सगळे हसले, एकाने बिडी पुढे केली."

"बिडी ओढतोस?"

"नाय ओढली. पण दिली की नाय त्याने?" त्याने शिंपला पाण्यात फेकला. "तिथे शिवी न घालता कुणाला हाक मारली, तर त्याला वाटतं मी त्याच्यावर रागावलोय."

मी कॉलेजात मानसशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचली होती. एकाही पुस्तकात हे इतकं नीट लिहिलेलं नव्हतं. मी घरी येऊन बाला ते सांगितलं. बा म्हणाला, "तुला शिकवलं ते ह्याच्यासाठी?"

*

मग ताट बंद व्हायच्या आत, बा होडीवर असताना आयेने इलाज केला. शेजारच्या म्हातारीने सांगितलं होतं, जिभेला मिरची लावली की शिवी जळते. आयेने पाट्यावर लाल मिरची ओली वाटली, नाम्याला धरलं आणि दोन बोटं त्याच्या ओठांत फिरवली. तो ओरडत अंगणात धावला. ओठ सुजून वांग्यासारखे झाले.

मिरचीने तीन गोष्टी केल्या. नाम्याच्या तोंडून आम्ही आजवर न ऐकलेल्या शिव्या निघाल्या. आयेची बोटं जळायला लागली, ती रांजणात हात घालून रडत बसली. आणि शाळेत मास्तरांनी ओठ पाहून विचारलं, "काय झालं रे?" तेव्हा नाम्याने उभं राहून उत्तर दिलं, "आयेने प्रेमाने भरवलं."

मास्तर हसले. घरी ही गोष्ट आली तेव्हा आये हसली नाही. त्या दिवसापासून तिने मिरचीचा इलाज सोडला. म्हातारीला मात्र वाटत राहिलं, की मिरची कमी पडली.

*

बाने वेगळा मार्ग धरला. दोष बाहेरचा आहे, तर तो बाहेरच बंद करायचा. त्या वर्षी पावसाळा उतरल्यावर गावाबाहेर तंबूतला सिनेमा आला होता. पोरं तिकडे पळायची. बाने ठरवून टाकलं, की पोरं तिथेच बिघडतात. त्याने पंचांची बैठक बोलावली.

मी तो सिनेमा पाहिला होता. त्यातला सगळ्यात वाईट माणूस जास्तीत जास्त 'कमीने' म्हणायचा, आणि तेही टाय लावून. आमच्या वाड्यात तेवढ्यावर भागवणारा माणूस संत म्हणून पुजला गेला असता.

बैठक देवळासमोर बसली. बायका जरा लांब मासळीला मीठ लावत होत्या, मीही त्यांच्यात होते. विषय होता, पोरांच्या तोंडच्या शिव्या. पहिल्या पंचाने सुरुवात केली, "ह्या रांडेच्या तंबूवाल्याने..." दुसऱ्याने त्याहून मोठी शिवी घालून अनुमोदन दिलं. तिसरा म्हणाला, असली भाषा आमच्या लहानपणी नव्हती, आणि ते सांगताना त्याने तंबूवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. माझा बा शेवटी उठला. त्याचा आवाज खाडीपलीकडे गेला असेल. काय बोलला ते मी इथे लिहीत नाही. ठराव पास झाला, पोरांनी तंबूत जायचं नाही.

मी उठून म्हणाले, "पोरं ही भाषा तंबूत शिकतात की इथे, याचा विचार केलाय का?"

एक पंच म्हणाला, "नाखवा, पोरीला आवर. जास्त शिकली."

आयेने मला हात धरून खाली बसवलं. टोपलीत मीठ टाकत हळूच म्हणाली, "आता ह्यांच्यासाठी कुठला तंबू बंद करायचा?"

तंबूवाला चारच दिवसांत उरणला निघून गेला. नाम्याच्या शिव्या इथेच राहिल्या.

*

एवढं सगळं झाल्यावर मी माझा प्रयोग केला. मी सांगितलं, पोराने शिवी दिली की मारायचं नाही, हसायचं नाही, ओरडायचं नाही. शांतपणे म्हणायचं, हा शब्द या घरात नको, पुन्हा सांग. आणि मोठ्यांनीही तोच नियम पाळायचा. बा म्हणाला, "मी काय पोर हाय?" आये म्हणाली, "एक महिना. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन तुमचा संसार केला, एवढं करा." पहिल्यांदाच आयेने काही मागितलं होतं. बा तयार झाला.

आणि ते चाललं. मला खोटं बोलायचं नाही, खरंच चाललं. नाम्याच्या तोंडात शब्द यायचा, तो मध्येच थांबायचा, ओठ मिटायचा आणि दुसरा शब्द शोधायचा. कधी सापडायचा नाही, मग नुसताच लाल व्हायचा. राग आला की तो आता सांगायला लागला, "मला राग आलाय." हे वाक्य आमच्या घरात त्याआधी कुणी बोललं नव्हतं. बा घरात जवळजवळ मुका झाला. त्याला बोलायला शब्दच उरले नव्हते. पण तो प्रयत्न करत होता. एकदा त्याने नाम्याला "नामदेवा" म्हणून हाक मारली. नाम्याने मागे वळून पाहिलं, दुसरा कुणी नामदेव आलाय का म्हणून.

मग बाने त्याला होडीवर नेलं. वारा फिरला, दोर अडकला, नाम्याच्या हातून सुटला. बाने समुद्रावर त्याला जे काही ऐकवलं, त्यात महिनाभराचं साठलेलं सगळं होतं. खलाशी सगळे ऐकत होते.

घरी आल्यावर मी भांडले. बा म्हणाला, "होडीवरचं वेगळं. तिथे 'कृपा करून दोर धर' म्हणायला वेळ नसतो. ते कामाचं बोलणं."

दारात उभा नाम्या म्हणाला, "मग धक्क्यावरचं माझंही कामाचंच."

ज्यांच्याकडे उत्तर नसतं, त्यांच्याकडे हात असतो. त्या मारात प्रयोग संपला.

*

ताट बंद करायची पाळी आली तेव्हा बाला एक शेवटची युक्ती सुचली. आमच्याकडे शिमग्याला शिव्यांना मोकळीक असते. होळीभोवती बोंब मारायची, वाटेल ते ओरडायचं, आणि राख झाली की सगळं माफ. कुणी मनात ठेवायचं नाही, ही रीत. बाने नाम्याला समोर बसवलं. "पोटात काय हाय ते होळीसमोर सगळं ओक. नंतर वर्षभर तोंडातून एक शब्द न्हाय. कबूल?"

"कबूल," नाम्या म्हणाला.

बाला वाटलं, शिव्या म्हणजे होडीत साठलेलं पाणी, एकदा उपसलं की झालं. मी म्हणाले, "बा, पाणी आत येतंय ते भोक आधी बघा." त्याने ऐकलं नाही.

होळी पेटली. पोरांनी बोंबा मारल्या, नेहमीच्या शिव्या हवेत गेल्या, त्या कुणाच्याच नसतात. मग नाम्या पुढे झाला. त्याने धक्क्यावरची एकही शिवी दिली नाही. त्याने बाच्या दिल्या. मोठ्याने, बाच्याच आवाजात. "दोर सुटला तेव्हा," म्हणायचा आणि शिवी ओरडायचा. "ताप आला आणि मी होडीवर गेलो नाय तेव्हा," पुढची शिवी. "परीक्षेत पास झालो, पण पहिला आलो नाय तेव्हा." "आयेला विहिरीवरून पाणी आणून दिलं म्हणून बायल्या म्हणालास तेव्हा." एकेक प्रसंग आणि एकेक शब्द. आधी वाडा हसत होता. मग हळूहळू ढोल थांबला.

शेवटी तो मागे सरला. त्याचा घसा बसला होता. बा होळीच्या पलीकडे उभा होता.

बाने रीत पाळली. सकाळी राख झाली, त्याने नाम्याला हातही लावला नाही. ताटही बंद केलं नाही. त्याने फक्त नाम्याशी बोलणं बंद केलं.

*

आमच्या घरातले हे सगळ्यात शांत दिवस. बा नाम्यासमोर बसून आयेला सांगायचा, "त्याला सांग, जाळी आत घे." नाम्या उठायचा, जाळी आत घ्यायचा. आयेच्या मधून सगळं चालायचं.

आणि नाम्याने शिव्या खरोखरच सोडल्या होत्या. कबूल केलं होतं ना. धक्क्यावरची पोरं त्याला पुन्हा 'मास्तर' म्हणायला लागली. मग तो धक्क्यावर जाईनासा झाला.

मी बासमोर जाऊन उभी राहिले. "तुम्हाला पाहिजे होतं तेच झालं ना? पोराच्या तोंडात आता एक वाईट शब्द नाही. मग बोला की त्याच्याशी."

बा दोर वळत होता. म्हणाला, "काय बोलू?"

मला वाटलं, माज बोलतोय. तशीच मी तणतणत निघून गेले. म्हाताऱ्या माणसांचा हट्ट हा माझ्या डोक्यातला सगळ्यात जुना राग आहे. पण आता वाटतं, ते उत्तर नसून प्रश्नच असावा. त्याला खरंच माहीत नव्हतं, काय बोलायचं. नाम्याशी बोलायचे त्याच्याकडचे सगळे शब्द नाम्याने होळीत टाकले होते.

*

पावसाचा जोर ओसरला. नारळी पौर्णिमा जवळ आली, होड्या पाण्यात जायच्या होत्या. होडीला तेल लावता लावता बा खाली कोसळला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. अलिबागहून डॉक्टर आले. तरुण होते, नीट समजावून सांगत होते. म्हणाले, मेंदूतला बोलण्याचा भाग दुखावलाय. बोललेलं त्यांना बरंचसं कळेल, पण शब्द सापडणार नाहीत. आयेने विचारलं, "अजिबात न्हाय?"

डॉक्टर म्हणाले, "एखादा शब्द राहतो कधी कधी. आयुष्यभर जो सवयीने, रागात, विचार न करता तोंडातून निघतो, तो. देवाचं नाव, नाहीतर दुसरं काही."

राहिलेला शब्द देवाचं नाव निघावा म्हणून आयेने सगळ्या देवांना नवस केले.

तिसऱ्या दिवशी बाने डोळे उघडले, ओठ हलवले. आम्ही सगळे वाकलो. बा स्पष्ट म्हणाला, "रांडेच्या."

आये भिंतीला टेकून बसली.

तेवढाच एक शब्द राहिला होता. पाणी हवं, तर तोच. कूस बदलायची, तर तोच. दुखलं तरी, कंदील डोळ्यावर आला तरी. आम्हाला कुणाला काही कळत नव्हतं, फक्त नाम्याला कळायचं. तो बाच्या शेजारी बसून असायचा. शब्द एकच, पण नाम्या आवाज ऐकायचा. खालच्या पट्टीत आला की पाणी, लांबला की पाय दाबायचे, तुटका आला की माणसं खूप झाली. जन्मापासून तो दुसरं काय ऐकत आला होता?

पंच भेटायला आले, तंबू बंद करणारे तेच. रांगेने बसले. बाने सगळ्यांकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हटलं, "रांडेच्या."

पंचांच्या माना खाली गेल्या.

नाम्या आदबीने म्हणाला, "बा म्हणतात, चहा घेतल्याशिवाय जायचं नाय."

*

नारळी पौर्णिमेला बाला चौघांनी खाटेवरून किनाऱ्यावर आणलं. होडी लोटताना दरवर्षी बाच हाक द्यायचा, आणि ती कुठली हे तुम्हाला आता सांगायला नको. खलाशांनी खांदे लावले आणि बाकडे पाहिलं. बाने हाक दिली. होडी पाण्यात गेली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, गेल्या वर्षीसारखंच सगळं आहे.

नाम्याने होडीवर पाय ठेवला. शाळा कायमची सुटली होती, आता बाच्या जागी तोच. तो चढला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, उतरून कमरेएवढ्या पाण्यातून परत आला आणि खाटेपाशी वाकला. शिमग्यापासून बाने त्याच्याकडे बघून एकही शब्द काढला नव्हता. आजारपणातही बोलायचा तो छपराकडे बघून. आता त्याने डावा हात उचलला, नाम्याचा ओला दंड धरला आणि त्याच्या डोळ्यांत बघत तो शब्द उच्चारला. हळू. इतका हळू, की आम्ही तो शब्द बाच्या तोंडून तसा कधी ऐकलाच नव्हता.

आये पलीकडे नारळाचं ताट घेऊन उभी होती. तिने नेहमीसारखं नाम्याला विचारलं, "काय हवंय रं त्यांना?"

नाम्या तसाच वाकलेला राहिला. मग म्हणाला, "काही नको. हे तुला लागायचं नाय गं आये. हे मलाच बोलला."